चौपट माणसं, तिप्पट मीठ

वहिनीला सगळा कारखाना वहिनी म्हणायचा, आणि त्याला कारण तिची नणंद. नणंद तिच्याच हाताखाली कॅन्टीनमध्ये कांदे चिरायला होती आणि दिवसभर "वहिनी, झारा कुठाय?", "वहिनी, गॅस बारीक कर" असा धोशा लावायची. तो ऐकून ऐकून भट्टीवरचे पिकल्या मिशांचे लोकही तिला वहिनीच म्हणायला लागले. वहिनी नणंदेला वन्सं म्हणायची. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा वन्सं शाळेत जात होत्या, आता त्यांचे गुडघे जिना चढताना कुरकुरत होते. मधल्या वर्षांत दोघी एका छपराखाली राहिल्या, एका ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि एकमेकींचे इतके शब्द झेलले की आता भांडायचाही कंटाळा आला होता.

कारखाना काचेच्या बाटल्यांचा होता. एका टोकाला भट्ट्या, दुसऱ्या टोकाला पॅकिंगचा लांबलचक हॉल, आणि दोन्हीकडे वेगवेगळी कॅन्टीनं. वहिनीचं कॅन्टीन भट्टीकडचं. जेमतेम दीडशे माणसं, पण एकेक जण घामाने निथळून यायचा. दिवसभर अंगातलं मीठ घामावाटे गेलेलं असायचं, त्यामुळे त्यांना सगळं अंमळ खारट हवं असे आणि झणझणीतही. वहिनीला ते माप पाठ झालं होतं. पत्र्याचं एक जुनं, कड वाकलेलं माप होतं. मिठाचं एक, तिखटाचं एक. डोळे मिटून टाकलं तरी चुकायचं नाही.

डोळे मिटून म्हणायचं, पण खरं तर ती जीभ मिटून टाकत होती.

गेल्या थंडीत ती तापाने आडवी झाली. ताप उतरला, अंगदुखी गेली, आणि तोंडाची चव जी गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. थंडी सरली, उन्हाळा आला, चव काही आली नाही. गोड, आंबट, खारट, सगळं भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. तिखट तेवढं जिभेला टोचायचं, कारण ते चवीचं काम नाही, ती नुसती आग असते. पण मिठाचा खडा तोंडात धरला तरी खडीच चघळल्यासारखं वाटे.

हे तिने कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला नाही आणि वन्संना तर मुळीच नाही. जीभ गेलेल्या आचारणीला कोण ठेवणार? आणि नुसत्या नोकरीचा प्रश्न नव्हता. ते तिघं राहत होते ती मागची दोन खोल्यांची जागा कारखान्याची होती. आधी ती नवऱ्याच्या नावावर मिळाली होती. त्याची छाती भट्टीच्या धुराने खलास झाली, तो घरी बसला, आणि जागा वहिनीच्या कामावर चालू राहिली. काम गेलं की जागा गेली. नवरा दिवसभर खिडकीत खोकत बसायचा. त्याला घेऊन ती कुठे जाणार होती?

म्हणून ती सोंग करत राहिली. रोज पळीभर रस्सा हातावर घ्यायची, जिभेला लावायची, क्षणभर छताकडे बघायची आणि मान डोलवायची. हे बघून वाढपी निर्धास्त व्हायचे. खरी चव ती नंतर घ्यायची, जेवणाच्या हॉलच्या दारात उभी राहून. टेबलावरचे पाण्याचे जग तिचे डोळे होते म्हणा किंवा जीभ म्हणा. जग भराभर रिकामे झाले तर मीठ नाहीतर तिखट जास्त. जगांना कुणी हात लावला नाही आणि मिठाच्या वाट्यांकडे हात गेले तर कमी. गेले कित्येक महिने जग आपले बेताने रिकामे होत होते. तिला वाटे, चला, जीभ गेली तरी हात शाबूत आहे. थकलेल्या माणसाला एवढाही आधार पुरतो.

आणि मग पॅकिंगकडच्या स्वयंपाकघरातली गॅसची पाइप गळायला लागली.

कॅन्टीनचे साहेब एक हडकुळे, पित्ताचा त्रास असलेले गृहस्थ होते. ते वहिनीकडे आले तेव्हा त्यांच्या एका कानाला फोन होता आणि कपाळाला आठ्या होत्या.

"वहिनी, पॅकिंगचं किचन बंद. तिकडचा आचारीही रामराम ठोकून गावाला निघून गेला. सोमवारपासून तिकडच्यांचं जेवण इथेच."

"इथेच म्हणजे? आपली दीडशे आणि त्यांची साडेचारशे?"

"हो ना. मोठी पातेली तिकडून येतील, माणसंही देतो दोनचार. तुम्ही काय, जुन्या जाणत्या. नेहमीचं सगळं चौपट करायचं."

"सगळं नाही होत चौपट, साहेब."

"म्हणजे?"

वहिनीच्या पायात गोळे आले होते. तिला स्टुलावर बसून बोलायचं होतं, पण साहेब उभे म्हणून तीही उभी राहिली. "बटाटे चौपट, वाटाणे चौपट. ते बरोबर. पाणी चौपट घातलं तर नुसती कढी होईल. लहान भांड्यातलं पाणी भराभर उडतं. खोल पातेल्याला तोंड कितीसं असतं? वाफ जाणार कुठून? मग पाणी कमी घालायचं. पाणी कमी घातलं की मीठही त्या हिशेबाने कमी. आणि तिखट तर बघायलाच नको. एवढं मोठं पातेलं तापायला वेळ, निवायला वेळ. मिरची तेवढा सगळा वेळ रश्श्यात उतरत राहते. तिचा वास उडतो, पण आग उडत नाही."

फोनवर पलीकडून कुणीतरी आलं असावं. साहेबांनी फोन हाताने झाकला. "तुम्हाला कळतं ते मला कळत नाही, वहिनी. तुम्ही बघा. फक्त पहिल्याच दिवशी बोंब नको. पॅकिंगच्या बायका आधीच भडकल्यात, आपलं किचन बंद केलं म्हणून. आणि वर कुणीतरी कॅन्टीन बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं पिल्लू सोडून दिलंय. मला ते नकोय. पण लोकांनी ताटं परत केली तर मी तोंड कुठे दाखवू?"

म्हणजे तिच्या दोन खोल्या सोमवारच्या एका पातेल्यात होत्या. हे साहेबांनी सांगायची गरज नव्हती.

वन्संनी पलीकडून सगळं ऐकलं होतं. चिरता चिरता त्या म्हणाल्या, "पाइप गळायची होती तर माझ्या निवृत्तीनंतर तरी गळायची." येत्या हिवाळ्यात काम सोडायचं असं त्यांनी ठरवलं होतं. रोज सांगायच्या. सकाळी उशिरा उठणार, ऊन खात बसणार आणि कांद्याचं तोंडही बघणार नाही.

रविवार वहिनीने मनातल्या मनात स्वयंपाक करण्यात घालवला. मोठ्या पातेल्यांचं काम तिला नवं नव्हतं. लग्नाआधी तिचे वडील समारंभांचे स्वयंपाक घेत आणि ती त्यांच्या हाताखाली राबलेली. वडील कधी शिकवायला म्हणून बसले नाहीत, पण ओरडताना शिकवायचे. "दहा जणांचं ते शंभरांना दहापट करायला तू काय दुकानदार आहेस?" एकदा तिने लवंगा हिशेबाने मोजून टाकल्या होत्या. चूल दुपारपर्यंत चालली, लवंगा सगळा वेळ आपला अर्क सोडत राहिल्या, आणि भाताला औषधासारखा कडवटपणा आला. त्या दिवशी वडिलांनी तिला त्या भाताचं पूर्ण ताट खायला लावलं होतं. शिवाय ते म्हणायचे, माप शिगोशीग भरलं तर घरी चिमूटभर जास्त पडतं. इथे तोच शिगेचा ढीग तीसदा पडतो. तेव्हा आधी हात आखडा, मग चाखा, मग हळूहळू वाढवा. घातलेलं काढता येत नाही.

आधी आखडा, हे तिला जमत होतं. मग चाखा, इथेच घोडं अडत होतं.

तिने ठरवलं ते असं. मिठाची मापं चार नव्हे, तीन, आणि तीही कडेला घासून सपाट केलेली. पाणीही तिप्पटच. तिखट अडीच. मसाल्याची पूड निम्मी फोडणीत आणि निम्मी अगदी शेवटी, म्हणजे वास टिकेल. जेवणाच्या पंगती दोन होत्या, आधी भट्टीवाले, मग तासाभराने पॅकिंगवाले. मधल्या वेळात पातेलं मंद आचेवर राहणार, रस्सा आटणार, मीठ चढणार. तेव्हा सुरुवातीला जरा अळणी असलेलंच बरं. आणि आता खाणाऱ्यांतले चारातले तीन जण पॅकिंगचे, बसून काम करणारे, घाम न गाळणारे. त्यांना भट्टीचं मीठ झेपणार नाही. भट्टीवाल्यांना कमी वाटलं तर टेबलावर वाट्या होत्याच. अळणीला वाटी असते, खारटाला काही नसतं.

सगळं बरोबर होतं. ती बिछान्यात पडून परत परत तपासत होती आणि दर वेळी बरोबर येत होतं. तरी झोप लागली नाही.

सोमवारी मोठी पातेली आली. इतकी मोठी की ढवळायला वल्ह्यासारखं लाकडी उलथणं आणि दोन माणसं लागली. वाफेने छत गळत होतं, फरशी निसरडी झाली होती, भिंतीवरचा पंखा घरघर करत गरम हवाच फिरवत होता. वहिनीने मीठ गरम पाण्यात विरघळवून घेतलं आणि पातेल्यात ओतलं. तिखटाची मापं स्वतः मोजली. उकळी आल्यावर नेहमीसारखा पळीभर रस्सा हातावर घेतला, जिभेला लावला, छताकडे पाहिलं, मान डोलवली. जीभ किंचित चुरचुरली. तेवढं ठीक होतं.

"बघताय ना, आच मंदच राहू दे," असं ढवळणाऱ्यांना सांगून ती भाताकडे गेली. तांदळाची चार पातेली होती आणि नवी माणसं पाणी कधी निथळायचं हेही विचारत होती. पुढचा तास तिने रश्श्याकडे वळून पाहिलं नाही. कंबर मोडायची वेळ आली होती.

पहिली पंगत बसली आणि वहिनी दारात जाऊन उभी राहिली.

पहिला जग रिकामा व्हायला वेळ लागला नाही. मग दुसरा. मग वाढपी पाण्याची बादली घेऊन धावायला लागला. भट्टीचा मुकादम, ज्याने आयुष्यात कधी तिखटाला नाव ठेवलं नव्हतं, तो डोळे पुसत होता. "वहिनी," त्याने तिथूनच हाक मारली, "आज आमच्यावर राग काढलात की काय?" दोघंतिघं हसले. चौथ्याने ताट सरकवलं आणि नुसता भात घेऊन बसला.

साहेब आले, उभ्याउभ्या एक घास खाल्ला, आणि पाण्याकडे वळले. पित्ताच्या माणसाचा चेहरा तो. पाणी पिऊन म्हणाले, "वहिनी, हे भट्टीवाले आहेत. तासाभराने पॅकिंगवाले येतील." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ती आत आली, पळी बुडवली आणि तोंडात घातली. खारट काही कळलं नाही, पण जीभ अशी पेटली की डोळ्यांतून पाणी आलं. अडीच मापांनी एवढी आग होत नसते हे तिला कळायला हवं होतं. पण माणूस दमला की आधी स्वतःवरच संशय घेतो. तिला वाटलं, आपण मोजायला चुकलो. अडीच म्हणता म्हणता पाच टाकली असतील. जीभ गेली तेव्हा हात तरी आहे म्हणत होतो, आता हातही गेला आणि डोकंही गेलं. ती स्टुलावर बसली. पदराला हात पुसत राहिली, हात कोरडे झाले तरी पुसत राहिली.

"साहेबांना सांगून येते," ती म्हणाली.

वन्संनी सुरी खाली ठेवली. "काय सांगणार?"

"माझ्याने होत नाही म्हणून. ठेकेदार बोलवा म्हणून. माझी जीभ गेलीय, वन्सं. थंडीपासून. मला मीठ कळत नाही. आज मापंसुद्धा कळेनाशी झाली."

इतके महिने जपलेलं गुपित असं कांद्याच्या सालींसमोर बाहेर पडलं. तिला वाटलं वन्सं चकित होतील. वन्सं चकित झाल्या नाहीत. उलट त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा पडला.

"मापं बरोबर होती तुझी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तू तीनच टाकलीस. मी मोजत होते. मला वाटलं एक विसरलीस. चौपट माणसं म्हटल्यावर चार नकोत? तू भाताकडे गेलीस आणि मी चाखलं. अळणी होतं, वहिनी, आणि तिखटही काही लागेना. मग मी उरलेलं टाकलं. मिठाचं एक आणि तिखटाचं दीड."

"तेव्हा अळणीच असायला हवं होतं. तासभर आटायचं होतं अजून. मिरची उतरायची होती."

"मला काय माहीत? मी कांदे चिरते."

"पण तुम्ही चाखलंत कशाला? कधी चाखता तुम्ही?"

वन्संनी सालींचा ढीग हाताने उगाच गोळा केला. "रोज चाखते," त्या म्हणाल्या. "थंडी सरली तेव्हापासून. तू मान डोलवून तिकडे वळलीस की चाखते. कधी चिमूट टाकते, कधी उकडलेले बटाटे कुस्करून घालते. दीडशेचं पातेलं सांभाळता यायचं. हे एवढं मोठं मला नाही जमलं."

म्हणजे ते जग. महिनोन्‌महिने बेताने रिकामे होणारे ते जग. वहिनीला ते हाताचं यश वाटत होतं, आणि सोंग फक्त आपणच करतोय असंही वाटत होतं. तिला राग आला, खूप आला. "मला सांगितलं नाहीत तुम्ही! मी मूर्खासारखी छताकडे बघत होते आणि तुम्ही मागून हसत होतात!"

"हसत नव्हते," वन्सं म्हणाल्या. "माझे गुडघे दुखतात, मला हसायला वेळ नाही."

बाहेर पुन्हा बादली आपटल्याचा आवाज आला. राग पुढे न्यायला दोघींनाही सवड नव्हती. पॅकिंगची पंगत यायची होती.

वहिनी उठली. पातेल्याकडे पाहिलं, आणि खूप दिवसांनी तिचं डोकं भीतीशिवाय चाललं. "बिनमिठाची डाळ किती शिजलीय?"

"संध्याकाळची सगळी."

"ती घ्या. उकडलेले बटाटे घ्या, वाटाणे घ्या. रस्सा दोन पातेल्यांत करा."

"बटाटा मीठ ओढून घेईल ना?"

"बटाटा काही ओढत नाही. तेवढ्याच मिठात जास्त माणसांचं अन्न झालं की मीठ कमी लागतं, एवढंच. तिखटाचंही तसंच. दही आहे का? आच मंद करून घाला, नाहीतर फाटेल. पाणी नको, चव पाणचट होईल." ती भराभर सांगत होती आणि चार माणसं पळत होती. डाळ मिसळली, दाटसर झाली, उरलेली मसाल्याची पूड वर पडली. मग तिने पळी बुडवली आणि सवयीने हातावर रस्सा घेतला. क्षणभर तशीच थांबली. सगळे बघत होते, वाढपी, नवी माणसं, दारात उभे साहेबसुद्धा.

तिने पळी वन्संकडे केली. "मीठ बघा. मला कळत नाही."

वन्संनी चाखलं. "अजून चढ आहे. थोडं."

"किती थोडं?"

"घरी असतं तर वाटीभर डाळ घातली असती."

"मग इथे अर्धं पातेलं. घाला. आणि ढवळून दोन मिनिटांनी पुन्हा बघा, लगेच नको."

दुसऱ्यांदा वन्संनी चाखलं आणि म्हणाल्या, "जरा फिकं वाटतंय."

"ते राहू दे," वहिनी म्हणाली. "आणखी आटेल."

पॅकिंगच्या बायकांनी कौतुक केलं नाही. त्या कौतुक करायला आल्याच नव्हत्या. एकीने डाळ आहे की रस्सा आहे असं विचारलं. पण ताटं रिकामी झाली आणि कुणी परत पाठवलं नाही. साहेबांनी वहिनीला बाजूला घेतलं. त्यांनी ते ऐकलंच होतं, तेव्हा तिनेही आडपडदा ठेवला नाही. थंडीपासूनचं सगळं सांगितलं. साहेब कपाळ चोळत राहिले.

"हे मी वर सांगू शकत नाही," ते शेवटी म्हणाले. "आणि तुम्हाला काढून उद्या सहाशे जणांना काय घालू, तेही मला कळत नाही. तुमची नणंद चाखेल?"

"त्यांना विचारा. त्या हिवाळ्यात सोडणार आहेत."

वन्संनी लांबूनच उत्तर दिलं, "कुठला हिवाळा घेऊन बसलात! मला फक्त बसायला खुर्ची द्या. स्टूल नको, पाठ असलेली खुर्ची." आणि पुन्हा कांद्याकडे वळल्या. त्यांचे डोळे पाणावले होते. कांद्याने असतील. उन्हात बसायचं त्यांनी किती दिवस ठरवलं होतं हे वहिनीला पक्कं ठाऊक होतं, आणि तिला थँक्यू म्हणता आलं नाही. असं काही म्हणायची त्यांच्यात पद्धतच नव्हती.

संध्याकाळी तिघं जेवायला बसले. नवरा खिडकीतून उठून आला, खोकला आवरून पाटावर बसला. वहिनीनेच सकाळी निघताना भाजी टाकून ठेवली होती, नेहमीसारखी अंदाजाने. तिने वाढली. नवरा खायला लागला, वन्सं खायला लागल्या. दोघंही खाली मान घालून, सावकाश, काही न बोलता. रोज असंच जेवायचे. दमलेली माणसं गप्पच जेवतात, असं तिला वाटायचं.

तिचा घास हातातच राहिला. लहान पातेलं. तीन माणसांचं. तिथे तर चिमूटभर इकडेतिकडे झालं तरी तोंड वाकडं होतं.

"वन्सं," ती म्हणाली, "ही भाजी कशी झालीय?"

वन्संनी भावाकडे पाहिलं. भावाने ताटाकडे पाहिलं.

"खरं सांगा."

"खारट आहे," वन्सं म्हणाल्या. "काल अळणी होती. परवा तर मिठाचा खडाच होता."

"आणि हे मात्र तुम्ही दुरुस्त करत नव्हतात?"

"दादा नको म्हणाला."

वहिनी नवऱ्याकडे वळली. तो पुढचा घास कालवत होता. "अहो, कॅन्टीनचं ह्या रोज सुधारायच्या. मग घरचं का नाही सुधारलं कुणी?"

त्याने घास तोंडात घातला, नीट चावला, आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"घरी कशाला?" तो म्हणाला. "घरी तुला कोण कामावरून काढणार होतं?"